मोठी मोटर, अर्धवट लोड: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न: आमच्याकडे ३० एचपीची मोटर आहे. नेमप्लेटवर ४० अ‍ॅम्पियर लिहिलंय आणि क्लॅम्प मीटर २१ दाखवतो. म्हणजे मोटर निम्म्या लोडवर आहे, असंच ना?

नाही. खरा लोड बहुधा तीस टक्क्यांच्या आसपास असेल.

इंडक्शन मोटर पूर्ण मोकळी फिरत असली तरी चुंबकीय क्षेत्र उभं करायला करंट घेते. या मापाच्या चार पोलच्या जुन्या मोटरला हा करंट १५ ते १७ अ‍ॅम्पियर सहज असतो. तुमच्या २१ पैकी बराचसा भाग तोच आहे. लोड कमी झाला तरी तो कमी होत नाही, म्हणून पन्नास टक्क्यांच्या खाली नुसत्या अ‍ॅम्पियरवरून लोड ओळखायला गेलात की तो नेहमी जास्तच दिसतो. पॉवर फॅक्टर घसरण्याचं कारणही हेच: पूर्ण लोडला ०.८५ असणारा पॉवर फॅक्टर अर्ध्या लोडला ०.७ च्या आसपास येतो आणि तीस टक्क्यांना ०.५५ किंवा ०.६ वर.

कार्यक्षमतेचं तसं नसतं. ती पूर्ण लोडपासून ६० टक्क्यांपर्यंत जवळपास सपाट राहते, ५० च्या खाली उतरू लागते आणि ३० च्या खाली झपाट्याने कोसळते. त्यामुळे पॉवर फॅक्टर वाईट दिसला म्हणून मोटर वीज वाया घालवतेच आहे, असा निष्कर्ष लगेच काढू नका.

लोड मोजायची खात्रीची वाट म्हणजे किलोवॅट दाखवणारा तीन फेजचा पॉवर मीटर. तो नसेल तर टॅकोमीटरने वेग मोजा. नेमप्लेटवर १४७० आरपीएम असेल तर पूर्ण लोडला घसरण, म्हणजे स्लिप, १५०० वजा १४७० म्हणजे ३० फेऱ्यांची. प्रत्यक्षात १४९१ मिळाले तर घसरण ९ फेऱ्यांची. ९ भागिले ३० म्हणजे ३० टक्के लोड. हे करताना त्याच क्षणीची फ्रीक्वेन्सी बघाच. ती ५० ऐवजी ४९.९ हर्ट्झ असेल तर सिंक्रोनस वेग १४९७ होतो, घसरण ६ फेऱ्यांवर येते आणि उत्तर ३० वरून २० टक्क्यांवर जातं. शिवाय नेमप्लेटवरची स्लिप २० टक्के इकडेतिकडे असायला मानकाची मुभा आहे. म्हणून ही पद्धत संशयित मोटरी वेगळ्या काढायला वापरा, खरेदीचा निर्णय मात्र किलोवॅट मोजूनच घ्या.

प्रश्न: फाउंड्रीतल्या बॅग फिल्टरच्या ब्लोअरला २२ किलोवॅटची बेल्ट ड्राइव्ह मोटर आहे, दोनदा रिवाइंड झालेली. मीटरवर ८.२ किलोवॅट येतात. बेल्ट उतरवून मोकळी चालवली तेव्हा १.५ किलोवॅट आले. नव्या पिशव्या घातल्या त्या आठवड्यात मात्र आकडा १०.४ पर्यंत गेला होता. ब्लोअर वर्षाला साधारण ६,००० तास चालतो. १० एचपी बसवली तर चालेल का?

१० एचपी बसवू नका. १५ एचपी, म्हणजे ११ किलोवॅटची, आयई३ या वरच्या कार्यक्षमता दर्जाची मोटर घ्या.

तुम्ही मोटर मोकळी चालवून घेतली हे फार उपयोगाचं झालं. रिवाइंड केलेल्या मोटरची कार्यक्षमता नेमप्लेटवरून कळत नाही. जुनं वाइंडिंग काढताना भट्टी जास्त तापली असेल तर स्टॅम्पिंगमधलं इन्सुलेशन जळतं आणि लोहहानी कायमची वाढते. तुमचे १.५ किलोवॅट तेच सांगतात. चांगल्या स्थितीतली आजची २२ किलोवॅटची मोटर मोकळी असताना याच्या निम्म्याच्या जरा वर घेते.

आता हिशेब. ८.२ मधून मोकळ्या मोटरचे १.५ वजा करा, लोडमुळे वाढणाऱ्या तांब्यातल्या हानीसाठी अजून ०.१ वजा करा. शाफ्टवर राहिले ६.६ किलोवॅट. म्हणजे लोड ३० टक्के आणि कार्यक्षमता ८० टक्के. ११ किलोवॅटची आयई३ मोटर ६० टक्के लोडवर साधारण ९१.५ टक्के कार्यक्षमता देते, म्हणून तेवढ्याच कामाला ती ७.२ किलोवॅट घेईल. बचत १ किलोवॅट, वर्षाला ६,००० युनिट. युनिटचा दर ९ रुपये धरला तर ५४,००० रुपये. नवी मोटर, पुली आणि मजुरी यांचं कोटेशन या आकड्यासमोर ठेवा.

हीच मोटर रिवाइंड न झालेली, आयई२ दर्जाची असती तर उत्तर वेगळं आलं असतं. तशी मोटर ३० टक्के लोडवरही ८७ टक्क्यांच्या जवळ राहते. मग बचत एक तृतीयांशावर येते आणि चालती मोटर काढून नवी घेण्यात फारसा अर्थ उरत नाही. तिथे मोटर जळेपर्यंत थांबायचं, पण बदली कोणत्या रेटिंगची घ्यायची ते आजच ठरवून स्टोअरमध्ये लिहून ठेवायचं. नाहीतर रात्री मोटर जळते आणि सकाळी पुन्हा ३० एचपीच येते.

१० एचपी का नको, ते तुमच्या १०.४ च्या आकड्यात आहे. पिशव्या धुळीने भरल्या की हवा कमी जाते आणि सेंट्रिफ्यूगल ब्लोअरचा लोड उतरतो. पिशव्या नव्या असल्या, डॅम्पर उघडा असला की हवा भरपूर जाते आणि लोड चढतो. पुष्कळांना हे उलट वाटतं. त्यांचं माप मळलेल्या पिशव्यांवर घेतलेलं असतं आणि नवी छोटी मोटर पिशव्या बदलल्याच्या आठवड्यात ट्रिप व्हायला लागते. तुमच्या १०.४ मधून हानी वजा केली की शाफ्टवर ८.७ किलोवॅट राहतात. ७.५ किलोवॅटच्या मोटरवर तो ११६ टक्के लोड, ११ किलोवॅटच्या मोटरवर ७९ टक्के. मोटर नेहमी सर्वांत जड अवस्थेवरून निवडायची, सरासरीवरून नाही.

बसवताना दोन गोष्टी अडतात. २२ किलोवॅटची फ्रेम १८०एल असते, शाफ्ट ४८ मिलिमीटर. ११ किलोवॅटची फ्रेम १६०एम, शाफ्ट ४२ मिलिमीटर. जुनी पुली नव्या शाफ्टवर बसणार नाही. स्लीव्ह ठोकून काम भागवू नका, पुली नवी घ्या. टेपर लॉकची असेल तर फक्त ४२ चा बुश बदला. पायांची भोकंही जुळत नाहीत: आडवं अंतर २७९ वरून २५४ वर येतं, लांबीचं २७९ वरून २१०. सरकत्या रेलवर मोटर असेल तर सोपं जातं, नसेल तर अडॅप्टर प्लेट करावी लागेल. सेंटरची उंची २० मिलिमीटरने कमी होते, पण बेल्ट ड्राइव्हमध्ये ताण पुन्हा जुळवला की भागतं.

दुसरी अडचण सुरुवातीची. ब्लोअरचं चाक तेवढंच जड आहे आणि मोटरचा टॉर्क निम्मा झाला. डॅम्पर बंद ठेवूनच सुरू करा, स्टॉपवॉच लावून पूर्ण वेग यायला किती सेकंद लागतात ते पाहा. क्लास १० चा ओव्हरलोड रिले सुरुवातीलाच ट्रिप होत असेल तर सेटिंग वाढवू नका. उत्पादकाला चाकाचं जडत्व कळवून विचारा आणि त्याने होकार दिला तरच उशिरा ट्रिप होणारा क्लास २० चा रिले लावा.

प्रश्न: आमच्या पॅनेलवर कपॅसिटर आपोआप जोडणारी एपीएफसी आहे, बिलात पॉवर फॅक्टर ०.९९ येतो. मग मोटर मोठी असली तर बिघडलं काय?

बिलातला पॉवर फॅक्टरचा भाग खरंच मिटलेला आहे. महावितरण एचटी ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टर धरून मोजलेल्या युनिटवर करतं आणि कपॅसिटरने तुमचे केव्हीएएच किलोवॅट-तासांच्या जवळ आणून ठेवले आहेत. म्हणून मोटर बदलल्याचा फायदा मोजताना केव्हीए आणि किलोवॅट दोन्हींची बचत बेरजेत धरू नका. पुष्कळ प्रस्तावांत तसं केलेलं असतं आणि परतफेड निम्म्या काळात दाखवली जाते.

कपॅसिटर मात्र मोटरच्या आत काही करत नाही. लोहहानी आणि पंख्याची हानी तशीच राहते, पॅनेलपासून मोटरपर्यंतच्या केबलमध्ये करंट तेवढाच वाहतो.

एक धोका लक्षात ठेवा. काही ठिकाणी कपॅसिटर थेट मोटरच्या टर्मिनलवर जोडलेला असतो. मोटर छोटी केली तर तो बदलायलाच हवा. नियम असा की टर्मिनलवरचा कपॅसिटर, मोकळी मोटर जेवढे केव्हीएआर घेते त्याच्या ९० टक्क्यांच्या आत असावा. २२ किलोवॅटला लावलेला १० केव्हीएआरचा कपॅसिटर ११ किलोवॅटच्या मोटरवर तसाच राहिला, तर स्विच बंद केल्यावर फिरती मोटर त्याच्या जोरावर जनरेटरसारखी वागते आणि टर्मिनलवरचं व्होल्टेज चढतं. मग कपॅसिटर फुगतात, वाइंडिंगचं इन्सुलेशन खराब होतं आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

प्रश्न: नवी मोटर घ्यायला पैसे नाहीत. डेल्टाऐवजी कायम स्टारमध्ये चालवली तर?

लोड ३० ते ३५ टक्क्यांच्या वर कधीच जात नसेल तर हा चांगला आणि जवळपास फुकटचा उपाय आहे. कधीच म्हणजे कधीच, पिशव्या बदलल्यानंतरही नाही. वरच्या ब्लोअरला तो म्हणूनच सुचवला नाही. त्याचा सर्वांत जड लोड ४० टक्क्यांवर जातो.

स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगला ४१५ ऐवजी २४० व्होल्ट मिळतात. लोहहानी साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते, पॉवर फॅक्टर ०.८ च्या वर जातो. पण मोटरची सगळी ताकदही तिसऱ्या हिश्श्यावर येते, जास्तीत जास्त टॉर्कसुद्धा. एरवी पूर्ण लोडच्या अडीचपट ओढू शकणारी मोटर आता पूर्ण लोडच्या ८३ टक्क्यांनाच अडकते आणि व्होल्टेज पडलं तर त्याच्याही आधी.

आधी नेमप्लेट बघा: ४१५ व्होल्टला डेल्टा असंच लिहिलेलं हवं. लहान मोटरी, साधारण ३ एचपीपर्यंतच्या, मुळातच स्टारमध्ये असतात. त्यांना हे लागू नाही. टर्मिनल बॉक्समध्ये तीन उभ्या पट्ट्या काढून W2, U2 आणि V2 ही टोकं एका आडव्या पट्टीने जोडायची, पुरवठा U1, V1, W1 वर. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर नुसता टायमर काढून स्टार कॉन्टॅक्टरवर चालवत राहू नका. तो काही सेकंदांसाठी निवडलेला, लहान मापाचा असतो. त्याचं सततचं रेटिंग तपासा.

सगळ्यात जास्त चूक ओव्हरलोड रिलेत होते. ४० अ‍ॅम्पियरच्या मोटरच्या वाइंडिंगची मर्यादा ४० भागिले १.७३ म्हणजे २३ अ‍ॅम्पियर. स्टारमध्ये लाइनचा करंट तोच वाइंडिंगचा करंट, म्हणून रिले २३ च्या वर ठेवायचा नाही. लाइनमधला रिले ४० वरच राहिला तर मोटर जळेपर्यंत तो गप्प बसतो.

प्रश्न: खडी क्रशरची १०० एचपी मोटर सरासरी ४० टक्के लोडवर दिसते. ६० एचपी करू का?

सरासरीवरून नाही. क्रशरमध्ये मोठा दगड अडकला की काही क्षण टॉर्क पूर्ण लोडच्या वर जातो, आणि भरलेल्या जबड्यासकट सुरू करायची वेळ कधी तरी येतेच. दर सेकंदाची नोंद ठेवणारा लॉगर आठवडाभर लावा, त्यात भरलेल्या अवस्थेतली एक सुरुवात येऊ द्या, मग बोलू. अशा यंत्रांत बचत बहुतेक वेळा मोटर बदलून मिळत नाही, फीडर एकसारखा चालवून आणि रिकामं फिरणं थांबवून मिळते.