स्कॅटर प्लॉटवरचे तीन गेट आणि मुलाखतीची तयारी

«मी नांदेडला एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी करते. फ्लो सायटोमेट्री फक्त पुस्तकात शिकले. छत्रपती संभाजीनगरच्या एका लॅबमध्ये मुलाखत आहे. तिथे रक्ताचा स्कॅटर प्लॉट देऊन तीन गेट काढायला लावतात म्हणे. तयारी कशी करू?»

आडव्या अक्षावर FSC-A, म्हणजे ढोबळमानाने पेशीचं आकारमान; उभ्यावर SSC-A, म्हणजे आतला कणीदारपणा. लाल पेशी विरघळवलेल्या रक्तात लिम्फोसाइटचा घट्ट पुंजका खाली दिसतो, मोनोसाइट त्याच्या उजवीकडे जरा वर, आणि ग्रॅन्युलोसाइटचा मोठा ढग सगळ्यांत वर. डाव्या खालच्या कोपऱ्यात असतो तो कचरा.

पण लगेच गेट, म्हणजे प्रत्येक पुंजक्याभोवतीची हद्द, काढू नका. आधी FSC-A विरुद्ध FSC-H बघून एकमेकींना चिकटलेल्या पेशी वगळा; त्या तिरप्या रेषेपासून बाजूला पडतात. कचरा टाळण्यासाठी थ्रेशोल्ड फार वर नेला, तर लहान लिम्फोसाइटही कापले जातात. ते फाइलमध्ये नोंदलेच जात नाहीत, त्यामुळे नंतर परत मिळत नाहीत.

लिम्फोसाइटचं गेट सगळ्यांत फसवं. समजा त्यात ४००० घटना, म्हणजे मशीनने नोंदलेले कण, आल्या आणि त्यांतल्या २३८० सीडी३ पॉझिटिव्ह निघाल्या, तर टी पेशी ५९.५ टक्के वाटतील. आता त्याच घटना सीडी४५ आणि सीडी१४वर तपासा. ५०० घटनांवर सीडी४५, म्हणजे पांढऱ्या पेशींची खूण, नाहीच. त्या न विरघळलेल्या लाल पेशी किंवा कचरा. १०० घटना सीडी१४ पॉझिटिव्ह, म्हणजे मोनोसाइट. खरे लिम्फोसाइट उरले ३४००, आणि टी पेशी झाल्या ७० टक्के. गेटचा आकार देखणा होता, उत्तर चुकलं होतं. म्हणून सीडी४५ विरुद्ध SSC-A हा प्लॉट जास्त भरवशाचा: लिम्फोसाइटवर सीडी४५ सर्वांत तेजस्वी, मोनोसाइटवर थोडा कमी, ग्रॅन्युलोसाइटवर आणखी कमी. लाल पेशी तिथे आपोआप बाजूला पडतात. लायसिसनंतर नळीतलं मिश्रण गढूळच राहिलं असेल, तर ही अडचण येणार हे प्लॉट बघण्याआधीच ओळखावं.

दुसरा प्रश्न हमखास शिळ्या नमुन्यावर येतो. हिंगोली किंवा धाराशिवहून निघालेली इडीटीए नळी मे महिन्याच्या उन्हात दिवसभर राहिली, की ग्रॅन्युलोसाइट मरू लागतात, त्यांचा SSC उतरतो आणि ते मोनोसाइटच्या जागेत घसरतात. मोनोसाइट एरवी पांढऱ्या पेशींच्या साधारण २ ते १० टक्के असतात. ते अचानक २५ टक्के दिसले, तर आजाराचं नाव घेण्याआधी रक्त कधी घेतलं ते विचारा. मग सीडी१४ पॉझिटिव्ह पेशी निवडून त्या स्कॅटरवर कुठे बसतात ते बघा. याला बॅकगेटिंग म्हणतात आणि मुलाखतीत हा शब्द तुम्ही स्वतःहून काढावा.

सरावाला मशीन लागत नाही. इंटरनेटवर खुल्या उपलब्ध असलेल्या .fcs फाइल उतरवा आणि मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा. एकाच फाइलवर आधी फक्त स्कॅटरवरून, मग सीडी४५ घेऊन गेट काढा आणि दोन्ही टक्केवाऱ्या वहीत शेजारी शेजारी लिहा. फरक कुठून आला, हे प्रत्येक वेळी एका ओळीत लिहून ठेवा. ती वही मुलाखतीला सोबत न्या.