वापरकर्त्यांच्या हाती पोचलेला गंभीर बग आणि तातडीचा हॉटफिक्स

प्रश्न: आमच्या अँड्रॉइड अ‍ॅपची नवी आवृत्ती काल स्टोअरवर गेली आणि आज काही जणांच्या जुन्या नोंदी गायब झाल्याच्या तक्रारी येत आहेत. कोणी म्हणतं जुनी आवृत्ती परत टाका, कोणी म्हणतं रिव्ह्यू न करता लगेच पॅच सोडा. निर्णय कोणी घ्यायचा, रिव्ह्यू किती करायचा आणि लोकांना काय सांगायचं?

उत्तर:

सर्वप्रथम रोलआउट थांबवा आणि मगच पुढचे वाचा. कारण सापडलेले नसले तरी थांबवा. तक्रारी खोट्या निघाल्या तर थांबवलेला रोलआउट पुन्हा सुरू करता येतो, पण तक्रारी खऱ्या असतील तर वाट पाहण्यात गेलेल्या प्रत्येक तासात आणखी काही जणांचा डेटा जातो आणि तो परत आणता येत नाही. या संपूर्ण प्रक्रियेत मी हाच निकष लावतो: जे पाऊल मागे घेता येते त्यासाठी नुसता संशय पुरेसा आहे आणि जे मागे घेता येत नाही त्यासाठी पुरावा हवा. थांबवण्याचा निर्णय त्या दिवशी ड्यूटीवर असलेल्या एकाच व्यक्तीच्या हाती असावा आणि तिला कोणाची परवानगी घ्यावी लागू नये. पॅच सोडण्याचा निर्णय मात्र वेगळा आहे आणि तो चाचणी पाहूनच घ्यायचा असतो.

‘जुनी आवृत्ती परत टाका’ हा सल्ला सर्व्हरसाठी ठीक आहे, फोनवरील अ‍ॅपसाठी नाही. प्ले स्टोअरवर रोलआउट थांबवला की नवीन लोकांना ती आवृत्ती मिळणे बंद होते, पण ज्यांच्याकडे ती पोचली आहे त्यांच्याकडे ती तशीच राहते. त्यांच्यापर्यंत काहीही पोचवायचे असेल तर वाढीव `versionCode` असलेले नवे बिल्डच लागते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकने आपले सदोष अपडेट ७८ मिनिटांत मागे घेतले होते, तरीही सुमारे ८५ लाख विंडोज संगणकांना फटका बसला आणि त्यांपैकी असंख्य संगणक लोकांना एकेक करून हाताने दुरुस्त करावे लागले. म्हणून ‘थांबवले’ आणि ‘दुरुस्त झाले’ या दोन गोष्टी टीमच्या बोलण्यातसुद्धा वेगळ्या ठेवा.

तुमच्या बगचे कारण मला माहीत नाही, पण अशाच लक्षणांचे एक प्रकरण मी जवळून हाताळले आहे. त्याच्याच आधारे पुढची पावले सांगतो.

ते अ‍ॅप नेटवर्क नसलेल्या जागी जाऊन तपासणीच्या नोंदी घेण्यासाठी होते. नोंदी फोनवरच्या डेटाबेसमध्ये राहत आणि नेटवर्क मिळाले की सर्व्हरवर जात. आवृत्ती ४.१२.० मध्ये कोणीतरी साफसफाई करताना ‘आता कोण वापरतो’ असे समजून एक जुने मायग्रेशन काढून टाकले होते. डेटाबेससाठी रूम ही लायब्ररी होती आणि तिच्या मांडणीत `fallbackToDestructiveMigration()` ही ओळ विकासाच्या काळापासून राहून गेली होती. या ओळीचा अर्थ असा, की जुन्या स्कीमावरून नव्यावर जाण्याचा मार्ग सापडला नाही तर सर्व टेबले पुसून नव्याने बनवावीत. परिणामी मागची आवृत्ती वापरणाऱ्यांना काहीही झाले नाही, आणि ज्यांनी बरेच महिने अपडेट घेतले नव्हते त्यांचा डेटा अ‍ॅप उघडताच गेला. टेस्टर नेहमी ताज्या आवृत्तीवरून अपडेट करत असल्यामुळे त्यांना हे दिसणे शक्यच नव्हते. शिवाय अ‍ॅप क्रॅश होत नसल्याने क्रॅशचे सगळे आलेख शांत होते. तुमच्याकडेही तक्रार करणारे लोक कोणत्या आवृत्तीवरून आले, हे पहिल्या तासात विचारून घ्या. उत्तरे एकाच जुन्या आवृत्तीकडे बोट दाखवू लागली की कारण जवळपास हाती आले असे समजा.

कारण कळल्यावर वापरकर्त्यांचे तीन गट स्पष्ट दिसतात. पहिल्या गटाला सदोष आवृत्ती मिळालेलीच नाही. दुसऱ्या गटाच्या फोनवर ती आली आहे, पण अ‍ॅप अजून उघडलेले नाही, म्हणून त्यांचा डेटाबेस जुन्या रूपात शाबूत आहे. तिसऱ्या गटाचा डेटा गेला आहे. रोलआउट थांबवल्याने पहिला गट वाचतो. हॉटफिक्सची घाई असते ती दुसऱ्या गटासाठी, आणि हा गट झपाट्याने आटत जातो, कारण अ‍ॅपचे एखादे पार्श्वभूमीतले सिंकचे काम वापरकर्त्याने काहीही न करता डेटाबेस उघडू शकते. तिसऱ्या गटाला हॉटफिक्सचा काहीच उपयोग नसतो, त्यांच्यासाठी स्वतंत्र काम लागते. ही विभागणी निर्णय घेणाऱ्याच्या समोर लिहून ठेवली की ‘तासभर आधी सोडू की नीट तपासून सोडू’ हा वाद बराच सोपा होतो.

आता पॅच. तो ज्या टॅगवरून सदोष बिल्ड निघाले त्याच टॅगवरून काढायचा, मुख्य ब्रँचवरून नाही, कारण तोपर्यंत मुख्य ब्रँचमध्ये पुढच्या आवृत्तीचे अर्धवट काम येऊन पडलेले असते.

```
git log -S "MIGRATION_6_7" --oneline
git switch -c hotfix/4.12.1 v4.12.0
```

पहिल्या आज्ञेने ते मायग्रेशन कोणत्या कमिटमध्ये आले आणि कोणत्या कमिटमध्ये काढले गेले ते कळते. ते काढणारे संपूर्ण कमिट उलटवण्याचा मोह इथे होतो, पण आमच्या प्रकरणात त्याच कमिटमध्ये आणखी बरेच बदल होते आणि नंतरचा कोड त्यांवर उभा होता. म्हणून जुन्या मायग्रेशनची व्याख्या जशीच्या तशी परत आणली आणि याशिवाय एवढेच बदलले:

```
 Room.databaseBuilder(ctx, AppDb::class.java, "records.db")
-    .addMigrations(MIGRATION_7_8, MIGRATION_8_9)
-    .fallbackToDestructiveMigration()
+    .addMigrations(MIGRATION_6_7, MIGRATION_7_8,
+                   MIGRATION_8_9)
     .build()
```

पुसून टाकणारी ओळ काढल्यामुळे यापुढे मार्ग सापडला नाही तर अ‍ॅप क्रॅश होईल, आणि तेच योग्य आहे. क्रॅश झालेल्या अ‍ॅपमागे डेटा शाबूत असतो आणि आपल्याला त्याची खबरही मिळते. स्कीमाचा क्रमांक वाढवलेला नाही, हेही लक्षात घ्या. तिसऱ्या गटाचे हरवलेले शक्य तेवढे सर्व्हरवरून परत आणण्याचे काम याच पॅचमध्ये घालावे असा आग्रह आमच्याकडे झाला होता आणि तो नाकारला हे बरेच झाले. ते काम सिंकच्या तर्काला हात घालणारे होते, त्याला नीट चाचणी हवी होती, आणि त्याची वाट पाहताना दुसरा गट हातचा गेला असता. सर्व्हरकडे मात्र एक गोष्ट तातडीने पाहा: फोनवरची टेबले रिकामी झाल्याचा अर्थ तुमचे सिंक ‘वापरकर्त्याने नोंदी हटवल्या’ असा लावते का? लावत असेल, तर त्या आवृत्तीकडून येणाऱ्या हटवण्याच्या विनंत्या त्याच क्षणी रोखा, नाहीतर शेवटची प्रतही जाईल.

रिव्ह्यू गाळू नका, त्याची व्याप्ती कमी करा. ज्याने पॅच लिहिला नाही अशा एका जाणकाराने तो वाचावा आणि तीनच प्रश्नांची उत्तरे द्यावीत: बग खरोखर याच कारणाने होतो हे दाखवले आहे का, या बदलात बगशी संबंध नसलेले काही आहे का, आणि डेटा आधीच गेलेल्या फोनवर हे बिल्ड बसवले तर काय होते. नावे, रचना, शैली यांवरचे अभिप्राय दुसऱ्या दिवशीसाठी ठेवावेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर चर्चेने देऊ नये. जुनी, स्कीमा ६ असलेली आवृत्ती फोनवर बसवून त्यात नोंदी भराव्यात, तिच्यावर ४.१२.० बसवून नोंदी जाताना पाहाव्यात, मग सगळे पुन्हा करून यावेळी ४.१२.१ बसवून त्या टिकताना पाहाव्यात.

```
adb install app-old-release.apk
adb install -r app-4.12.1-release.apk
```

इथे घाईत एक चूक हमखास होते. डिबग बिल्ड रिलीज बिल्डवर बसत नाही, कारण दोघांच्या सह्या वेगळ्या असतात आणि `INSTALL_FAILED_UPDATE_INCOMPATIBLE` असा संदेश येतो. मग टेस्टर आधीचे अ‍ॅप काढून टाकतो आणि नवे बसवतो. अ‍ॅप काढताना डेटाबेसही गेलेला असल्यामुळे चाचणीत मायग्रेशन मुळी चाललेलेच नसते, आणि तरीही ‘सर्व ठीक’ असा शेरा येतो. म्हणून दोन्ही बिल्डे एकाच सहीची असावीत आणि नोंदींची संख्या आधी व नंतर लिहून घ्यावी. चाचणी झाल्यावर हॉटफिक्स थेट सर्वांसाठी सोडा. तो टप्प्याटप्प्याने सोडला तर ज्यांच्याकडे सदोष आवृत्ती आहे नेमके तेच आधी निवडले जातील याची खात्री नसते.

लोकांना सांगण्यासाठी पॅचची वाट पाहू नका, कारण तो स्टोअरच्या तपासणीतून कधी बाहेर येईल हे आपल्या हातात नसते. पण कोणत्या मार्गाने सांगता याला इथे फार महत्त्व आहे. पुश नोटिफिकेशन हा सर्वांत हाताशी असलेला मार्ग, आणि या बगसाठी तोच सर्वांत घातक, कारण सूचनेवर टिचकी मारली की अ‍ॅप उघडते आणि डेटा जातो. एसएमएस किंवा ईमेल वापरा. आमचा संदेश साधारण असा होता:

‘आवृत्ती ४.१२.० मध्ये गंभीर दोष आढळला आहे. ही आवृत्ती तुमच्याकडे आली असेल आणि तुम्ही अ‍ॅप उघडले नसेल, तर ४.१२.१ मिळेपर्यंत उघडू नका. अ‍ॅप काढून टाकू नका, त्याचा डेटा पुसू नका. नोंदी दिसत नसतील तर आम्हाला कळवा. सर्व्हरवर पोचलेल्या नोंदी सुरक्षित आहेत. न पोचलेल्यांबाबत तपासून उद्या दुपारपर्यंत कळवू.’

सर्व्हरवरच्या नोंदींविषयीचे वाक्य आम्ही प्रत्यक्ष तपासल्यानंतरच घातले. हा संदेश वापरकर्त्यांच्या आधी सपोर्ट टीमला द्या, कारण अशा तक्रारीवर त्यांच्या तोंडी बसलेले उत्तर ‘अ‍ॅप काढून पुन्हा टाका’ हेच असते आणि दुसऱ्या गटासाठी ते विनाशकारी आहे. न पोचलेल्या नोंदी परत मिळणार नाहीत हे ठरल्यावर ते त्या वापरकर्त्यांना स्पष्ट शब्दांत आणि स्वतंत्रपणे सांगा, म्हणजे कागदावरची टिपणे हाताशी असेपर्यंत त्यांना त्या पुन्हा भरता येतील. स्टोअरवरच्या बदलांच्या यादीतही ‘किरकोळ सुधारणा’ लिहू नका. दोष काय होता ते लिहा, म्हणजे अपडेट टाळणारा माणूस ते घेईल.

हॉटफिक्स गेल्यावर त्याच दिवशी ती ब्रँच मुख्य ब्रँचमध्ये मिसळा, अन्यथा ४.१३ मध्ये हाच बग परत येईल. त्यासोबत प्रत्येक जुन्या स्कीमापासून चालणारी मायग्रेशनची स्वयंचलित चाचणी जोडा. रूमचे `MigrationTestHelper` यासाठीच आहे, मात्र त्याला जुन्या स्कीमांच्या निर्यात केलेल्या फायली रिपॉझिटरीत लागतात. प्रकरण बंद करताना पॅच सुटल्याची तारीख पाहू नका, सर्व्हरला अजून किती फोन ४.१२.० वरून भेटतात ते पाहा. आठवडेच्या आठवडे बंद राहिलेले किंवा नेटवर्कबाहेर असलेले फोन त्या आकड्यात दिसतही नाहीत, म्हणून ज्यांचा बऱ्याच दिवसांत संपर्क नाही अशांना तोच एसएमएस काही आठवड्यांनी पुन्हा पाठवा.