भाडेकरार: लॉक-इन आणि डिपॉझिटची कलमं

प्रश्न: पुण्यात फ्लॅट ११ महिन्यांसाठी भाड्याने घेतोय. करारात लॉक-इन, नोटीस, डिपॉझिट, दुरुस्ती कशी लिहून घ्यावी?

उत्तर: खरी गोची लॉक-इन आणि नोटिशीच्या जोडणीत असते. समजा भाडं २०,००० रुपये, डिपॉझिट ६०,०००, लॉक-इन ६ महिने, नोटीस १ महिना. चौथ्या महिनाअखेरीस बदली झाली, तर मालक उरलेल्या २ महिन्यांचे ४०,००० मागू शकतो. म्हणून लिहून घ्या: लॉक-इन दोघांनाही लागू, आधी सोडल्यास फक्त १ महिन्याचं भाडं द्यायचं, आणि नोटीस पाचव्या महिनाअखेरीस देता येईल, म्हणजे सहा महिने भरताच घर सोडता येतं. हे शेवटचं नसेल, तर नोटीस लॉक-इन संपल्यावरच द्यायची असा अर्थ काढून सातव्या महिन्याचं भाडं मागतात.

डिपॉझिट किल्ल्या दिल्याच्या दिवशीच परत, कपात फक्त बिल दाखवून. ‘रंगकाम भाडेकरूकडे’ ही ओळ मसुद्यात गुपचूप बसलेली असते, ती खोडायला सांगा. नळाचा वॉशर, बल्ब तुमच्याकडे. गळती, वायरिंग, गीझर मालकाकडे. मालकाने ७ दिवसांत केलं नाही तर तुम्ही करून भाड्यातून वळतं करायचं.

महाराष्ट्रात हा करार नोंदवणं बंधनकारक आहे आणि कायद्याने ती जबाबदारी मालकाची. नुसत्या नोटरीवर भागवू नका.