स्कॅन केलेल्या जुन्या लेक्चर नोट्सची पीडीएफ आहे. ती हेडिंगसकट एडिट करता येईल अशा मजकुरात कशी आणावी?

पीडीएफ गूगल ड्राइव्हवर टाकून डॉक्समध्ये उघडा, झालं, असं कुणीतरी सांगेलच. माझ्या दादानेही तेच केलं होतं.

बाबा कॉलेजात भूगोल शिकवायचे. त्यांच्या टाइप केलेल्या नोट्स, साधारण दीडशे पानं, दादाने एका संध्याकाळी डॉक्समध्ये काढल्या, हेडिंगं बोल्ड केली, अनुक्रमणिका हाताने टाइप केली आणि बाबांच्या पंचाहत्तरीला चाळीस प्रती वाटल्या. मधे दोन नकाशे घुसवल्यामुळे पुढचे सगळे पानक्रमांक चुकले. बाबांनी चष्मा लावून पहिलंच पान वाचलं, "वारा मद होतो", आणि वही मिटली. मूळ शब्द होता 'मंद'. अनुस्वार गेला होता, आणि 'मद' हाही शब्दच असल्यामुळे स्पेलचेकला त्यात काही खुपलं नाही.

ते काम मग मी पहिल्यापासून केलं. दोष ओसीआरचा, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढण्याचा, कमी आणि त्याच्या आधीच्या पायरीचा जास्त होता. स्कॅन उघड्या वहीचे होते, एका चित्रात दोन पानं. डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीला जोडली जात होती. पीडीएफमधली पानं आधी चित्रं म्हणून बाहेर काढा आणि त्यांवर स्कॅनटेलर हा फुकट प्रोग्राम चालवा. तो पानं वेगळी करतो आणि तिरकी सरळ करतो. मजकुराची चौकट आखताना वरचं प्रकरणाचं नाव आणि खालचा पानक्रमांक बाहेर ठेवा, नाहीतर दर पानाला वाक्याच्या मध्यावर 'मान्सून ४७' येऊन बसतं. आणि ठिपके साफ करायची सोय बंद ठेवा. इंग्रजीसाठी ती ठीक आहे, पण मराठीत धुळीचा कण आणि अनुस्वार यांच्यात तिला फारसा फरक कळत नाही. दादाने स्कॅनरवर 'क्लीन' लावलं होतं. मद तिथूनच आला.

फाइल तिनशे डीपीआयची करा. मात्र मुळात फोटोच दीडशेचा असेल तर आकडा वाढवून हाती काही लागत नाही, पुन्हा स्कॅन करा. मग प्रत्येक पानावर टेसरॅक्ट हा ओसीआरचा प्रोग्राम:

```
tesseract p014.tif p014 -l mar+eng
```

`hin` वापरू नका, ते हिंदीचं आहे, आणि आपला ळ काही हिंदीच्या रोजच्या वापरातला नाही. सोबत `eng` असलं की कधीकधी १ चा 9 होतो, म्हणून सालं आणि आकडे वेगळे तपासा.

आता हेडिंग, ज्यावर आमचं दोन वर्षं वाजत होतं. दादाचं म्हणणं, "ठळक आणि मोठं दिसतंय ना, मग हेडिंगच की ते." नाही! वर्डला ते फक्त जाड अक्षर असतं. हेडिंगची स्टाइल लावलेली असेल तरच अनुक्रमणिका आपोआप बनते आणि नकाशा घुसवल्यावर एका क्लिकवर पानक्रमांक सुधारतात. बाबांची हेडिंगं '२.३ नैर्ऋत्य मान्सून' अशी क्रमांकाची होती, त्यामुळे सगळी पानं `notes.txt` मध्ये एकत्र करून हे पुरलं:

```
sed 's/\f/\n/' notes.txt | sed -E 's/^[०१२३४५६७८९]+\.[०१२३४५६७८९]+ .*/\n## &\n/' > notes.md
pandoc notes.md -o notes.docx
```

पॅनडॉक हा फाइलींचं रूपांतर करणारा प्रोग्राम `##` ला Heading 2 करतो, आणि ओसीआरने जागोजाग तोडलेल्या ओळीही आपसूक जोडून परिच्छेद करतो. पान संपताना तुटलेलं वाक्य मात्र हातानेच जोडावं लागतं. वर्डच्या नॅव्हिगेशन पेनमध्ये एकदा नजर टाका. माझ्याकडे तिथे '२.५ मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडल्यास' हे दिमाखात हेडिंग होऊन बसलं होतं, कारण मूळ ओळ नेमकी आकड्यापासून सुरू झाली होती. उलट, क्रमांकातला टिंब पुसट असेल तर खरं हेडिंगच गायब होतं. २.३ नंतर थेट २.५ दिसलं की मधलं कुठे गेलं ते मूळ पानावर जाऊन बघायचं.

सगळं झाल्यावर मूळ पान शेजारी ठेवून वाचायचं. रफार, अनुस्वार, ध-घ, भ-म, एवढंच बघत गेलात तरी बहुतेक चुका सापडतात. मला रोज दहा पानं जमायची.

हे सगळं छापील किंवा टाइप केलेल्या नोट्सचं. तुमच्या हस्तलिखित असतील तर टेसरॅक्टचा नाद सोडा, टाइप करून घ्या. पर्जन्यमानाचे तक्तेसुद्धा मी हातानेच टाइप केले, कारण ओसीआरमधून रकाने एकमेकांत मिसळून येत होते आणि कुठला आकडा कुठल्या महिन्याचा ते मलाच कळेना. दादा अजून म्हणतो, एवढं करायची गरज नव्हती. बाबांच्या टेबलावर मात्र माझी प्रत असते.