डिक्सन-कोल्सनंतर गोलफरक हलतो, मग संघाचे गोल का हलत नाहीत?

प्रश्न: प्रीमियर लीगच्या सामन्यांसाठी पॉइसनवरून स्कोअरचा तक्ता केलाय. त्यात डिक्सन-कोल्सची दुरुस्ती घातली की बरोबरी आणि 'एका गोलने विजय' दोन्ही बदलतात. पण यजमानांचे '२ किंवा जास्त गोल' तसूभरही हलत नाही. कोडमध्ये चूक आहे का?

उत्तर: कोड बरोबर आहे. ते हलले असते तर मी चूक शोधायला लागलो असतो.

G या तक्त्यात ओळी यजमानांच्या गोलांच्या आणि स्तंभ पाहुण्यांच्या गोलांचे धरू. संघाचे गोल म्हणजे ओळीची किंवा स्तंभाची बेरीज. गोलफरक मात्र तिरका वाचावा लागतो: १-०, २-१, ३-२ हे सगळे एकाच तिरक्या रेषेवर बसतात आणि त्यांची बेरीज म्हणजे 'यजमान एका गोलने'. घरे तीच, फक्त बेरजेची दिशा वेगळी.

```
home = G.sum(axis=1)
away = G.sum(axis=0)
d = {k: np.trace(G, offset=-k) for k in range(-10, 11)}
```

`offset` मधले ऋण चिन्ह विसरलात तर यजमान आणि पाहुणे यांची अदलाबदल होते, तेवढे पाहा.

आता आकडे घेऊ. यजमानांची सरासरी λ = १.६, पाहुण्यांची μ = १.१. साध्या पॉइसनने बरोबरी २४.९%, यजमान एका गोलने २३.४%, दोनने १४.९%, तीन किंवा जास्तने १०.६%. पाहुणे एका गोलने १६.१%, त्याहून जास्त फरकाने १०.०%. यजमानांचे दोन किंवा जास्त गोल ४७.५%.

डिक्सन आणि कोल्स यांची १९९७ची दुरुस्ती फक्त चार घरांना हात लावते: ०-०, १-०, ०-१ आणि १-१. दुरुस्तीची ताकद ठरवणारा ρ = -०.१ घेतला तर ०-० ला १.१७६ ने, १-१ ला १.१ ने, १-० ला ०.८९ ने आणि ०-१ ला ०.८४ ने गुणायचे. गुणक चार वेगवेगळे दिसतात, पण प्रत्येक घरातला प्रत्यक्ष बदल काढून पाहा: चारही ठिकाणी तो १.१८ टक्केच येतो. ०-० आणि १-१ मध्ये तो वाढतो, १-० आणि ०-१ मध्ये तेवढाच घटतो. म्हणून शून्याच्या ओळीत एक अधिक आणि एक उणे, एकच्या ओळीतही तसेच, आणि स्तंभांतही तेच. बेरजा जागच्या जागी राहतात.

तिरक्या रेषांवर मात्र दोन्ही अधिक बरोबरीच्या रेषेवर पडतात. बरोबरी २४.९ वरून २७.३% होते, यजमान एका गोलने २३.४ वरून २२.३% आणि पाहुणे एका गोलने १६.१ वरून १४.९%. दोन किंवा जास्त गोलांच्या फरकाला धक्काही लागत नाही, कारण ती घरे दुरुस्तीच्या बाहेर आहेत. दुरुस्तीनंतर बरोबरी कमी झाली तर ρ चे चिन्ह उलटे पडले आहे असे समजा.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी निघते. फक्त संघांच्या गोलांच्या नोंदींवरून ρ काढता येणार नाही. त्यासाठी पूर्ण स्कोअर हवेत, कारण ρ दोन संघांच्या गोलांमधला संबंध सांगतो.

गोलफरक आणि संघाचे गोल त्याच घरांतून निघतात, म्हणून त्या दोन उत्तरांचा गुणाकार करू नका. 'यजमान दोन किंवा जास्त गोलांनी जिंकतील आणि दोन किंवा जास्त गोल करतील' याला अनेक जण ०.२५५ × ०.४७५ करून १२.१% म्हणतात. पण दोनच्या फरकाने जिंकायचे तर दोन गोल करावेच लागतात, म्हणजे उत्तर सरळ २५.५% आहे. दोन्ही अटी पूर्ण करणारी घरे तक्त्यातूनच मोजा.

तुमच्या कोडमध्ये मी एकच गोष्ट तपासेन: तक्ता किती गोलांपर्यंत आहे. मी सुरुवातीला ५-५ पर्यंतच ठेवला होता आणि उरलेले ०.७% सगळ्या घरांत प्रमाणात वाटून टाकले होते. पण तो हरवलेला भाग सगळीकडे सारखा नसतो. या उदाहरणात त्यातला बहुतेक ६-०, ६-१ अशा स्कोअरचा, म्हणजे 'यजमान तीन किंवा जास्तने' या गटाचा आहे. तो गट १०.६ वरून १०.१% वर येतो आणि त्याचे टक्के विनाकारण बरोबरी व छोट्या फरकांत जातात.

हे पकडायला `sum(k*p for k, p in d.items())` काढा. दुरुस्तीआधी आणि नंतरही उत्तर λ - μ, म्हणजे इथे ०.५० यायला हवे. पाचवर तोडलेल्या तक्त्यात ते ०.४८ येते, दहापर्यंत नेलेल्यात ०.५०.