आधी तिचं दुखणं, मग तुमची गोळी

“मॅडम, माझं वय ५४. बायकोची पाळी जाऊन दोन वर्षं झाली. जवळ गेलो की तिला दुखतं. हल्ली ऐन वेळी माझाच ताठरपणा जातो. मी संपलो का? कुठली गोळी घेऊ?”

गोळीचा हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला जातो की एका जोडप्याची हकीकतच सांगते. ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलले आहेत.

काका एकटेच आले होते. मेडिकलमधून परस्पर गोळी आणून झाली होती आणि तिचा गुणही आला होता. ताठरता टिकली, पण त्यामुळे काकूंना जास्त वेळ सोसावं लागलं आणि दुसऱ्या दिवशी लघवीला आग झाली. पुढच्या वेळी गोळी घेऊनही काही झालं नाही.

“सकाळी उठताना ताठरता असते का?”

“असते की. म्हणून तर कळत नाही.”

सकाळी शरीर नीट साथ देत असेल आणि फक्त बायकोजवळ गेल्यावर दगा देत असेल, तर घोळ बहुधा काळजीचा असतो. तरी पन्नाशीनंतर साखर, बीपी, कोलेस्टेरॉल तपासल्याशिवाय मी पुढे जात नाही. त्यांचं सगळं ठीक निघालं. (छातीत दुखण्यावर नायट्रेटची औषधं चालू असतील, तर या गोळ्या जिवावर बेततात. परस्पर घेऊच नका.)

पुढच्या भेटीला दोघं आले. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “यांना मी आता नकोशी झालेय. मध्येच थांबतात, पाठ फिरवून झोपतात.”

काका एकदम म्हणाले, “अगं, तू उशीचा अभ्रा मुठीत धरतेस. ते दिसलं की माझं सगळं जातं.”

काकूंना वाटत होतं, दुखलेलं आपण लपवतोय. काकांना वाटत होतं, हिला आपला राग येतो. मला विचाराल तर सगळी गाठ इथेच सुटली. भीतीनं तिचे स्नायू आवळायचे, म्हणून आणखी दुखायचं. तो सुखात असण्याऐवजी तिच्या चेहऱ्यावर पहारा ठेवायचा, आणि पहाऱ्यावरच्या माणसाला ताठरता येत नाही. आपल्या माणसाला दुखतंय हे दिसल्यावर शरीर थांबलं, तर त्याला मी नामर्दपणा म्हणत नाही.

म्हणून आमचा क्रम ठरला. पहिले काही आठवडे संभोग पूर्ण बंद, दोघांच्या संमतीनं. जवळ झोपायचं, अंगाला हात लावायचा, पण पुढे जायचं नाही. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन लैंगिकता-संशोधकांनी १९७० मध्ये मांडलेली ही वाट आजही माझी पहिली पसंती आहे. परीक्षाच रद्द झाली की नापास होण्याची भीती उरत नाही. तिसऱ्या आठवड्यात काका लाजत म्हणाले, “बंदी आहे तर रोज येतेय.”

तोवर काकूंना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं होतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, योनीचं अस्तर पातळ आणि कोरडं पडतं. अंगातून येणाऱ्या वाफा बऱ्याच जणींच्या कालांतराने ओसरतात, हा कोरडेपणा मात्र आपोआप जात नाही, बहुधा वाढतो. डॉक्टरांनी योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं, दोन आठवडे रोज आणि नंतर आठवड्यातून दोनदा. ते रक्तात फारच थोडं उतरतं. पूर्ण फरक पडायला दोन-तीन महिने लागू शकतात, आणि इथेच अनेक जणी कंटाळून सोडतात. हे क्रीम संबंधाच्या आधी वंगण म्हणून वापरायचं नाही. त्यासाठी पाण्यावर आधारलेलं जेल वेगळं, सढळ हातानं, दोघांनीही लावायचं. साबण, जंतुनाशक द्रव आतून लावणं बंद.

संबंध पुन्हा सुरू केले तेव्हा काकू वर राहिल्या. किती आत, किती वेगानं, हे त्यांच्या हातात. “थांब” म्हटलं की काकांनी थांबायचं, कारण विचारायचं नाही. एकदा थांबावं लागलंही. दोघं चहा करून प्यायले म्हणे! काकांना गोळी पुन्हा लागली नाही.

सगळ्यांचं इतकं सरळ होत नाही. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर क्रीमबद्दल आधी कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारा. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलं, तरी ते कोरडेपणावर न ढकलता तपासून घ्या. ताठरता सकाळीही येत नसेल, तर तुमची वाट वेगळी, आधी तुमच्या तपासण्या. आणि बरं वाटलं म्हणून क्रीम थांबवू नका. काकूंनी थांबवलं होतं. काही आठवड्यांत जळजळ परत आली. पण या वेळी अभ्रा मुठीत धरण्याआधीच त्यांनी काकांना सांगितलं.