मठ, मठ्ठ आणि शिंच्या

प्रश्न: जोरदार शिव्या बहुतेक वेळा छोट्या आणि कठोर वर्णांच्याच का असतात? ट, ठ, ड, ढ आले की शब्दाला आपोआप धार येते असं वाचलं. खरं आहे का?

आधी तो 'कठोर' खाली ठेवा. ड-ढ कठोर, घ-भ कठोर, म्हणून शिव्या कठोर, हे ऐकून ऐकून कान किटले. शाळेच्या व्याकरणात कठोर आणि मृदू यांचे अर्थ ठरलेले आहेत. प्रत्येक वर्गातले पहिले दोन वर्ण कठोर, तिसरा-चौथा मृदू. म्हणजे ट-ठ कठोर, पण ड-ढ मृदू. प-फ कठोर, ब-भ मृदू. आता 'गाढव' घ्या, 'भडवा' घ्या, 'दळभद्र्या' घ्या. एकातही कठोर वर्ण नाही. उलट 'कापूस' पहिल्यापासून शेवटपर्यंत कठोर आहे, आणि कापूस म्हटल्यावर कुणी अंगावर धावून गेल्याचं ऐकिवात नाही.

तुमच्या कानाला जे जाणवतं ते कठोरपण नसून अडवणूक आहे. स्पर्श वर्ण उच्चारताना तोंडात कुठेतरी हवा पूर्ण अडते आणि मग सुटते. ट-वर्गात जीभ मागे वळून टाळूला भिडते. भ, ढ, घ मध्ये सुटलेल्या हवेमागून श्वासाचा आणखी एक झोत येतो. शब्दाला जोर येतो तो या अडण्या-सुटण्यातून, आणि अडलेला क्षण जितका लांबेल तितका जास्त.

करूनच बघा. 'मठ' म्हणा आणि मग 'मठ्ठ' म्हणा. वर्ण तेच, फक्त मधला थांबा वाढला. लिहिताना आपण ठ्ठ लिहितो, पण तोंडात असतं ते ट्ठ. जीभ ट वर चिकटते, क्षणभर तिथेच राहते आणि ठ घेऊन सुटते. चिडलेला माणूस 'अजिबात' न म्हणता 'अज्जिबात' म्हणतो, ती हीच युक्ती.

यात नवीन काही नाही. अकराव्या शतकातल्या मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने काव्यातल्या माधुर्य आणि ओज या गुणांसाठी वर्णांची वाटणीच करून ठेवली आहे. माधुर्याला चालतात डोक्यावर आपल्याच वर्गाचं अनुनासिक असलेले स्पर्श, जसे न्द, म्ब, ञ्ज. ट-वर्गाला तिथे बंदी. ओजाला हवा तो ट-वर्ग (ण सोडून), श आणि ष, एकाच वर्णाचं द्वित्व, वर्गातल्या पहिल्याला जोडलेला दुसरा नि तिसऱ्याला जोडलेला चौथा, आणि रेफाची जोडाक्षरं. आता एकाच अर्थाचे दोन मराठी शब्द शेजारी ठेवा: 'मंद' आणि 'मठ्ठ'. मंदमध्ये न्द आहे, म्हणजे मम्मटाच्या हिशेबाने माधुर्य. मठ्ठमध्ये ट्ठ आहे, म्हणजे ओज. मुलगा 'जरा मंद आहे' हे त्याच्या आईसमोर कसंबसं म्हणता येईल. 'मठ्ठ आहे' म्हणून बघा.

मम्मट कवितेबद्दल बोलत होता, शिव्यांबद्दल नव्हे, ही हरकत कुणीतरी घेणारच. घ्या. मग शिव्यांबद्दलच बोलणारे पाहू. २०२२ मध्ये शिरी लेव्ह-आरी आणि रायन मॅके या दोन संशोधकांनी हिब्रू, हिंदी, हंगेरियन, कोरियन आणि रशियन बोलणाऱ्यांकडून शिव्या गोळा केल्या. स्पर्श वर्ण जास्त निघतील अशी सर्वसाधारण समजूत होती. तसा नियम हाती लागला नाही. निघालं ते वेगळंच: शिव्यांमध्ये य, र, ल, व या गटातले वर्ण कमी होते. या चौघांना आपल्याकडे अंतस्थ म्हणतात. यात जीभ किंवा ओठ जवळ येतात, पण वाट बंद करत नाहीत.

मग त्यांनी लोकांना अर्थ नसलेल्या शब्दांच्या जोड्या दिल्या. अल्बेनियन भाषेत पक्ष्याला 'झॉग' म्हणतात. त्यावरून एक केला 'यॉग' आणि दुसरा 'त्सॉग', आणि विचारलं, यातली शिवी कुठली असेल? सहा वेगवेगळ्या भाषांच्या २१५ लोकांनी सुमारे ६३ टक्के वेळा अंतस्थ नसलेला शब्द निवडला. शिवी सौम्य करून बोलतात तेव्हा उलटं होतं, अंतस्थ आत शिरतात. इंग्रजीतल्या 'डॅम'चा 'डार्न' होतो.

मराठीत याचा पुरावा शोधायला लांब जावं लागत नाही. 'मेल्या' आणि 'मुडद्या' या दोन्ही शिव्यांचा अर्थ एकच, तू मेलेला आहेस. मेल्यात म, ल, य, सगळं वाहतं. म्हणूनच ती लाडाने म्हणता येते, आणि म्हटली जाते. मुडद्यात ड आणि द पाठोपाठ आपटतात. ती लाडाची व्हायला फार कष्ट पडतात. पण लगेच हुरळून जाऊ नका. हा ड रागाने आणलेला नाही. फारसी 'मुर्दा'चा मराठीत 'मुडदा' झाला, तसाच 'पर्दा'चा 'पडदा' आणि 'बरदाश्त'ची 'बडदास्त' झाली. पडद्यावर कुणाचा राग होता? भाषेने आपल्या सवयीने ड केला, शिवीला तो आयता मिळाला.

आणि 'र'ला सरसकट मऊ वर्णांत टाकणं मला अजिबात मान्य नाही. इंग्रजीचा र जीभ न टेकवता होतो, तो खुशाल मऊ म्हणा. आपल्या र मध्ये जीभ दातांमागे फटका मारते. जोडाक्षरात तर तो फटका नीट ऐकू येतो. मम्मटाने सुटा, ऱ्हस्व र माधुर्यात ठेवला आणि जोडाक्षरातला र ओजात. नऊशे वर्षांपूर्वीची ही बारकाई आताच्या वर्गवारीत दिसत नाही.

आता 'छोट्या'बद्दल. इथे माझा वर्तमानपत्री सदरं लिहिणाऱ्या भाषातज्ज्ञांशी जुना वाद आहे. 'लहान म्हणून जोरदार' हे सूत्र त्यांनी इंग्रजीवरून उचललं. तिथल्या शिव्या एका अक्षरात संपतात आणि शेवट व्यंजनाने बंद होतो, हे बरोबर. पण मराठी शिवी पुष्कळदा समोरच्याला हाक मारून दिली जाते, आणि आपलं संबोधन स्वराने संपतं: मूर्खा, गाढवा, सटवे. हाक लांब जायची तर शेवटी तोंड उघडं हवं. त्यामुळे जोर सगळा पहिल्या अक्षरावर साचतो. राहता राहिली लांबी. मराठीतला सगळ्यात छोटा अपमान 'ढ' हा आहे. एक अक्षर, ट-वर्गातलं, वर महाप्राण. तुमच्या नियमाने याने भिंती पडायला हव्यात. हा तर शाळकरी पोरं एकमेकांना देतात. (ब्राह्मीपासून ज्याचा आकार बदलला नाही तो ढ, म्हणून न सुधारणाऱ्याला ढ, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. आकार खरंच फारसा बदललेला नाही. व्युत्पत्ती मात्र मला फारच गोंडस वाटते.)

माझ्या आवडत्या शब्दाकडे येतो: 'शिंच्या'. आज तो इतका निरुपद्रवी झालाय की आजोबा नातवाला म्हणतात. 'त्याला काही अर्थ नाही हो, नुसतं लाडिक आहे' असं मला ऐकवणारे भेटतात. अर्थ आहे, आणि तो चांगला जळजळीत आहे. शिंच्या म्हणजे शिंदळीच्या. शिंदळ म्हणजे व्यभिचारिणी. मधले 'दळी' गळाले आणि उरलं शिंच्या. हा शिंदळ मूळचा प्राकृतातला 'छिण्णाल', हिंदीतली 'छिनाल' त्याचीच बहीण. छ चा श कसा झाला? मराठीचा हा नेहमीचा खेळ आहे. हिंदीत छुरी, आपली सुरी. हिंदीत पूछना, आपलं पुसणं. पुढे इ आली की स ऐवजी श येतो: हिंदीत छींक, आपली शिंक. स्वरांमधल्या ल चा ळ झाला, फल चं फळ होतं तसा. आणि न नंतर जो द घुसला तो 'वानर'चं 'वांदर' होताना घुसतो तोच. म्हणजे शिंक, सुरी आणि शिंदळ या तिघींना एकाच नियमाने मराठी केलं, आणि त्यातली तिसरी आजोबांच्या तोंडी लाडाची झाली!

बघा काय झालं ते. शब्द लहान झाला आणि धार गेली. 'तिच्या आईला'चं तिच्यायला, त्याचं च्यायला, त्याचं आयला. दर पायरीला एक तुकडा पडला. क्रियापद तर कधीच गळालं होतं, आणि सगळं पाप क्रियापदात होतं. आता उरलेल्या 'आयला'त आहेत ते य आणि ल, दोन्ही अंतस्थ. क्रिकेट बघताना कुणीही म्हणतं. अति वापराने शब्द झिजतो, आणि झिजताना मागचा अर्थ दिसेनासा होतो. इंग्रजीच्या छोट्या शिव्यांत मूळ अर्थ अजून उघडा दिसतो, म्हणून त्या छोट्या असूनही बोचतात. आपल्या छोट्या शिव्यांनी तो झाकून टाकला.

तेव्हा नुसत्या ध्वनीला किती श्रेय द्यायचं? याचीही परीक्षा झाली आहे. २०२० मध्ये रिचर्ड स्टीव्हन्स आणि ऑली रॉबर्टसन यांनी ९२ जणांना बर्फाच्या पाण्यात हात धरायला लावला आणि हात धरून असताना एक शब्द घोकायला सांगितला. इंग्रजीतली ती प्रसिद्ध एकाक्षरी शिवी घोकताना लोकांनी साध्या शब्दापेक्षा सुमारे ३३ टक्के जास्त वेळ कळ सोसली. त्यांच्यासाठी मुद्दाम दोन नव्या 'शिव्या'ही घडवल्या होत्या, 'फाउच' आणि 'ट्विझपाइप'. लोकांना त्या गमतीदार वाटल्या, पण कळ सोसायला काडीचीही मदत झाली नाही. लहानपणी ज्यासाठी पाठीत धपाटा बसला नाही, त्या शब्दाला अंगात भिनायला वेळच कुठे मिळाला? ट्विझपाइपमध्ये ट आहे, प दोनदा आहे. बर्फाने दाद दिली नाही.